कार्डाखालच्या जागा

घरी येऊन दुरुस्ती मिळणार नाही, अशी पाटी मी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात लावलेली आहे. तरी रोज कोणीतरी तीच पाटी वाचत वाचत विचारतं, "मॅडम, घरी याल का?" माझा राग नाकावर असतो हे रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. शमिकाकडे मशीन उचलून न्या, ती बोलेल वाटेल ते, पण दुरुस्त करून देईल, असं लोक एकमेकांना सांगतात आणि ते काही खोटं नाही. त्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा मी शटर अर्धंच वर केलं होतं.

"शमिका, मांडवीतून गोदा बोलत्ये. ऋत्विकची आई. त्याचा कॉम्प्युटर लागत नाय. तू येशील काय गो?"

"काकी, मशीन रिक्षात घाला नि इकडे पाठवा. मी घरी जात नाही कुणाच्या."

 त्या म्हणाल्या, "भैरीकृपा परत आली नाय, बाय."

मी शटर खाली ओढलं, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी, चिमटे, ब्रश जे हाताला लागलं ते कोंबलं आणि स्कूटर काढली.

भैरीकृपा म्हणजे गोदाकाकींची बोट. बारकी, तीन माणसांची. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्यांचा नवरा बाबल्या. सोबत मुलगा ऋत्विक, बावीस वर्षांचा, आणि धाकू खलाशी. आदल्या दिवशी दुपारी वारा सुटायची सूचना आली तशा सगळ्या बोटी मिरकरवाड्याच्या बंदरात परत आल्या. ही एक आली नाही. वायरलेसला उत्तर नाही, मोबाईल लागत नाही. रात्रभर वारा असा होता की माझ्या दुकानाचा बोर्ड वाकडा झाला, तर समुद्रात काय झालं असेल ते सांगायला नको.

काकींच्या घरी पोचले तर ओटीवर बायका बसलेल्या. दारात नितेश उभा. नितेशच्या चार बोटी आहेत, आणि या घराशी त्याचं पाच वर्षं बोलणं नाही हे मांडवीत कुणालाही विचारा. आणि आज तो या उंबऱ्याशी उभा होता.

"लवकर बघा," तो मला म्हणाला. "बोटी तयार आहेत. आत्ता वारा जरा पडलाय. चारनंतर परत वारा सांगितलाय. बारापर्यंत सुटायला हवं, नायतर आज सुटताच यायचं नाय."

"मग सुटा की. माझ्यासाठी कशाला थांबलात?"

"कुठं जाऊ?" तो शांतपणे म्हणाला. "कोस्ट गार्डलाही कळवलंय. ते पण हेच विचारतायत. कुठं शोधायचं?"

आत गेल्यावर काकींनी मला सगळं सांगितलं. बोटीवर ती पेटी असते ना, जिच्यावरून बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर दिसतं, ती बाबल्यांनी बंद केली होती. नेहमीच करायचे. का, तर आपण मासळी कुठे धरतो ते दुसऱ्याला दिसू नये. तांडेलाची जागा म्हणजे त्याचा जीव. कुठे पाण्याखाली खडक आहे, कुठल्या महिन्यात कुठे सुरमई येते, हे बापाने मुलाला सांगायचं, बायकोला सुद्धा नाही. नितेशशी भांडण झालं ते त्यावरूनच. त्याची एक बोट बाबल्यांच्या मागे मागे गेली होती.

"जागा सगळ्या वहीत होत्या," काकी म्हणाल्या. "वही भिजली, तवा ऋत्विकनं ह्याच्यात घातलंन. नकाशावर. मोबाईलमध्ये नाय ठेवायचं, इंटरनेट जोडायचं नाय, अशी ह्यांची अट. दुसरीकडे एक अक्षर नाय कुठं. बोटीवरच्या यंत्रात असतील, पण ते बोटीवर."

म्हणजे तीन माणसं कुठे आहेत ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते ठिकाण काकींच्या माजघरातल्या टेबलावर मेलेलं पडलं होतं.

मी बटण दाबलं. आतले पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. परत दाबलं. परत तेच. झाकण उघडलं आणि आत बघून मला घाम फुटला. ऋत्विकने मुंबईहून जुनं घेतलेलं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड, तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. गेम खेळायला आणलेलं. समुद्र पन्नास पावलांवर, खिडकी कायम उघडी, खाऱ्या हवेने कार्डाच्या कडेला हिरवट बुरशीसारखं चढलेलं. मी कार्डाला जाणारी वीज-वायर काढून पाहिली. तरी पंखे अर्धा फेरा आणि बंद. कार्ड आतून शॉर्ट झालेलं होतं, आणि ते खाचेतूनही वीज ओढतं, त्यामुळे नुसती वायर काढून भागत नाही. मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होतं.

"कार्ड काढलं की चालू होईल," मी म्हटलं. "बोर्डावर स्वतःचं चित्र दाखवायची सोय आहे. कार्ड नसलं तरी चालतं."

"आणि नाही झालं तर डिस्क काढून दुसरीकडे लावा," नितेश दारातून म्हणाला. त्यालाही थोडंफार कळत होतं.

"डिस्क म्हणजे डबा नाही आता, च्युइंगमएवढी पट्टी असते. आणि ती कुठे बसल्ये माहितीये? कार्डाच्या पोटाखाली." मी बोट दाखवलं. "इकडून गेलात तरी कार्ड, तिकडून गेलात तरी कार्ड. आता तोंड बंद ठेवा आणि उजेड सोडून उभे राहा."

तो सरकला. एरवी तो कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही.

भिंतीवरचं घड्याळ दहा पाच दाखवत होतं. मी मुख्य वायर काढली, बटण दाबून धरलं, आत उरलीसुरली वीज जावी म्हणून. कॅबिनेट आडवं केलं, म्हणजे कार्डाचा भार खाली लोंबकळणार नाही. मॉनिटरची वायर कार्डाच्या मागून सोडवली. आता कार्ड दोनच गोष्टींनी धरलेलं होतं. मागच्या बाजूला लोखंडी पट्टी असते, ती कॅबिनेटला स्क्रूने बांधलेली. आणि पुढच्या टोकाला, बोर्डावरच्या खाचेच्या शेवटी, नखाएवढी प्लास्टिकची कडी. कडी दाबली की कार्डाचा आकडा सुटतो. रोजचं काम आहे, मी दिवसाला दोन कार्डं काढते, चहा पिता पिता.

स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो घसरला. खाली वाकून बघते तर स्क्रूचं डोकं निळं. रंग. जाड ऑइलपेंट, दोन हात दिलेला.

"हा कुणी लावला?"

काकी पुढे आल्या. "ह्यांनीच. बोटीवर प्रत्येक नटाला लावतात. इंजिनाच्या थरथरीनं नट सैल होतात, गंज चढतो. ऋत्विकनं मशीन मुंबईवरनं एसटीतून आणलंन, तवा आत काहीतरी हललं होतं. मग ह्यांनी स्वतः बसून सगळं आवळलंनी."

"कॉम्प्युटर म्हणजे काय बोट आहे?" मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, पण काकींनी ऐकलं असावं.

सुईने स्क्रूच्या फुलीतला रंग खरवडला. पाच मिनिटं गेली. स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला. रंगाखाली गंज, गंजाखाली तांडेलाच्या मनगटाचा जोर. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा फुली गुळगुळीत झाली. स्क्रूचं डोकं चाटलं की संपलं, मग त्याला धरायला काही उरत नाही. मी रबराचा तुकडा मध्ये घालून पाहिला. नुसता घसरला.

"तेल सोडा ना," नितेश म्हणाला.

"आणि ते बोर्डावर गळलं की? मग शोधा आंधळेपणाने." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. राग त्याचा नव्हताच खरं तर. घड्याळाचा होता.

साडेदहा. ओटीवर कुणीतरी रडायला लागलं, दुसऱ्या कुणीतरी दटावलं. मग मला पिशवीतली सोल्डरिंगची कांडी आठवली. झक मारली नि आधी नाही आठवली. भिंतीच्या प्लगात लावली, तापू दिली, आणि टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं. एक मिनिट. दीड मिनिट. रंग फुगला, घाण वास सुटला, कडेने निळा तवंग उकलायला लागला. तापलं की लोखंड जरा फुगतं, निवताना आकसतं, त्यात गंजाची पकड सुटते. रंगही मऊ पडतो.

"काकी, पकड आहे का घरात? लॉक होणारी?"

काकींनी बाबल्यांची हत्यारांची पेटी आणली. त्यात ग्रिप प्लायर होता, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. या स्क्रूंचं डोकं बाहेरून सहा कडांचं असतं, फुली गेली तरी कडा राहतात. मी कडांवर प्लायर घट्ट अडकवला, दातओठ खाल्ले आणि फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग एक कुरकुर आणि स्क्रू पाव फेरा हलला. बायकांच्यात कुणीतरी भैरीबुवाचं नाव घेतलं. पाव फेऱ्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा पूर्ण, आणि शेवटी मी स्क्रू बोटांनी काढून टेबलावर ठेवला.

"झालं?" काकींनी विचारलं.

"निम्मं झालं. आता कडी दाबायची आणि उचलायचं. हे सोपं असतं."

बोलू नये असं. कार्ड एवढं रुंद की त्याच्या पोटाखाली कडी दिसतच नव्हती. एका अंगाला कार्ड, दुसऱ्या अंगाला प्रोसेसरवरच्या पंख्यांचा धातूचा डोंगर, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. स्क्रूड्रायव्हर घालून कडी दाबणारे महाभाग असतात. तो घसरतो आणि बोर्डावर ओरखडा काढतो, आणि एका ओरखड्यात मशीन कायमचं जातं. मी काकींकडे लाकडाची काडी मागितली. त्यांनी उदबत्ती खोचायच्या बांबूच्या घराची एक कामटी मोडून दिली. मोबाईलचा टॉर्च नितेशने धरला. काडीने कडी लागत होती, टणक. दाबली, जाईना. अजून जोर लावला, काडी वाकली. कडी दगडासारखी जागच्या जागी.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. जेट्टीवरून नितेशला फोन आला, बोटी सुरू करून ठेवल्यात, कधी निघायचं. तो फक्त "थांबा" म्हणाला.

आणि मी चुकले. सांगायला लाज वाटते, पंधरा वर्षं हे काम करत्ये. डाव्या हाताने काडी दाबली, उजव्या हाताने कार्ड धरलं आणि खेचलं. रागाने खेचलं. अख्खा बोर्ड वर वाकला आणि आत कुठेतरी कट् असा आवाज झाला.

मी हात काढून घेतले.  खाच बोर्डावरून उपटली गेली असेल तर तिच्या तारा एकमेकीला चिकटणार, आणि मग कार्ड निघून सुद्धा मशीन चालू होणार नाही. त्या एका क्षणात मला वाटलं, मी तीन माणसं मारली.

"काकी, माझं चुकलं."

काकींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. "जाळं खडकाला अडकलं की ओढायचं नसतं, बाय. ओढलं की फाटतं. बोट मागं घ्यायची, जाळं ढिलं सोडायचं, मग आपणहून सुटतं."

मागे घ्यायचं. अरे देवा, हे तर मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगते. कार्डाचा आकडा कडीला वरून ताणून बसलेला असला की कडी हलत नाही. म्हणून कार्ड आधी उलट, खाचेत आत दाबायचं, म्हणजे ताण सुटतो, आणि मग कडी दाबायची. मी तळहाताने कार्ड हळूच खाली दाबलं. ते केसभर आत गेलं. काडीने कडी दाबली. आता ती थोडी लवली. लवली आणि परत वर आली, कुणीतरी मागून धरल्यासारखी.

"हे काय आहे? ताण तर सुटला." मी टॉर्च नितेशच्या हातून घेतला, डोळा फटीला लावला. काही नाही. काळं प्लास्टिक, धूळ, मीठ. "कडी खाली जात्ये आणि परत येत्ये. काहीतरी धरून ठेवतंय तिला, पण दिसत काहीच नाही."

"मी बघू?" काकी म्हणाल्या.

"काकी, तिथे बघण्यासारखं काही नाहीये."

"बघायचं नाय. हात घालत्ये."

एरवी मी फटकारलं असतं. आता माझ्यात तेवढा दम उरला नव्हता. मी त्यांना कॅबिनेटच्या पत्र्याला आधी हात लावायला सांगितला, अंगातली वीज जाऊ दे म्हणून. काकींची बोटं बारीक, लांब, जन्मभर जाळी विणलेली. त्यांनी डोळे मिटले आणि करंगळी नि तिच्याशेजारचं बोट फटीत सरकवलं. त्यांचा चेहरा बघत आम्ही उभे. तो चेहरा हळूहळू बदलला.

"तंगूस हाय."

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, पाण्यात दिसू नये म्हणून पारदर्शक. मला दिसणार कुठून. बाबल्यांनी नुसता स्क्रू आवळून समाधान मानलं नव्हतं. कडी हलू नये म्हणून तिला तंगुसाने कार्डाच्या पट्टीशी बांधून टाकलं होतं.

"कापू?" नितेशने खिशातून चाकू काढला.

"चाकू लांब ठेवा," मी म्हटलं. "तिथे चाकू गेला की बोर्ड गेला."

"कापायचं नाय," काकी डोळे मिटूनच म्हणाल्या. "गाठ त्यांची हाय. ही ते गळाला घालतात. एक टोक मोकळं असतं, ते सापडायला हवं."

त्यांची बोटं आत काय करत होती ते आम्हाला दिसत नव्हतं. फक्त मनगटाची शीर हलत होती. अकरा वीस. अकरा पंचवीस. त्यांच्या कपाळावरचा घाम कुंकवात उतरला, मी त्यांच्याच पदराने पुसला. ओठ हलत होते. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ कान नेला तर त्या नवऱ्याला शिव्या घालत होत्या, एकामागून एक, अगदी हलक्या आवाजात आणि डोळ्यांतून पाणी. "मेल्यानं काय आवळलंन. काय आवळलंन सगळं. कुणाला कळू नये, कुणाला दिसू नये. आता कोण शोधील तुम्हांला."

मग त्यांचं मनगट थांबलं. एक बारीक ओढ, आणि त्यांनी हात बाहेर काढला. बोटांत वीतभर तंगूस होतं.

मी कार्ड पुन्हा केसभर आत दाबलं. काडीने कडी दाबली. टक्. कडी खाली गेली आणि खालीच राहिली. दोन्ही हातांनी कार्डाच्या दोन्ही कडा धरल्या, सरळ वर, तिरकं नाही, जरा या टोकाला, जरा त्या टोकाला. कार्ड निघालं. मी ते न बघताच नितेशच्या हातात दिलं आणि टॉर्च खाचेवर मारला. खाच जागेवर होती. तुटला होता तो कडीचा एक कान, प्लास्टिकचा, ज्याच्यावाचून काही अडत नाही. मी ब्रशने धूळ काढली, मॉनिटरची वायर बोर्डाच्या स्वतःच्या तोंडात लावली, वीज जोडली.

"दाबा तुम्ही," मी काकींना म्हटलं. माझी हिंमत होत नव्हती.

पंखे फिरले. अर्धा फेरा, पूर्ण फेरा, आणि फिरतच राहिले. पण पडदा काळा. दहा सेकंद, वीस सेकंद. आतलं काही काढलं की मशीन पहिल्या वेळी वेळ घेतं, हे मला माहीत आहे, पण माहीत असून काय उपयोग. काकींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. मग पडदा उजळला. ऋत्विकने ठेवलेलं चित्र आलं, भैरीकृपा नारळी पौर्णिमेला सजवलेली. बायका ओटीवरून आत आल्या आणि दाराशी थबकल्या.

नकाशाची फाईल समोरच होती. उघडली. रत्नागिरीपासून पश्चिमेला निळ्या पाण्यात लाल ठिपके. एक्केचाळीस. प्रत्येकाला नंबर आणि बाजूला एखादा शब्द.

"कुठल्या जागेला गेले असतील?" मी विचारलं.

काकींनी विचार केला. "जाळं नेलं नव्हतंनी. गळ नि तीन दिवसांचा बर्फ. म्हणजे खडकाच्या जागा."

खडक लिहिलेले ठिपके तीन होते. मी मागे बघितलं. नितेश दारातच उभा होता, नजर मुद्दाम भिंतीकडे. पडद्याकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पण शोधायला निघणाऱ्या चारही बोटी त्याच्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. मी काकींच्या कानाशी म्हटलं, "तीनच सांगा. बाकीच्या झाकून ठेवू. त्या तरी राहतील."

काकी पडद्याकडे बघत राहिल्या. एक्केचाळीस ठिपके. सासऱ्याने दिलेले, नवऱ्याने जमवलेले. या घरातला भात, ऋत्विकचं शिक्षण, छपरावरची कौलं, सगळं त्यातून आलेलं. जन्मभर त्यांनासुद्धा जे दाखवलं नव्हतं ते आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर होतं.

"आणि त्या तीनात नसले तर?" त्या म्हणाल्या. "चार वाजता वारा सुटल्यावर परत येऊन विचारणार काय, चौथी कुठली?"

त्या वळल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावाने हाक मारली. "नितेश, लिहून घे. सगळ्या."

नितेशने मान वर केली. "वहिनी, सगळ्या नको. तांडेल मला—"

"लिहून घे म्हणत्ये ना."

मी आकडे वाचले, त्याने मोबाईलवर घेतले आणि तिथूनच बोटींवर आणि कोस्ट गार्डला सांगितले. सोळा अंश बावन्न, बहात्तर अंश अठ्ठेचाळीस. एकेक ठिपका माझ्या तोंडून बाहेर पडत होता आणि काकी ऐकत होत्या, चेहरा न हलवता. बारा वाजायला दहा मिनिटं असताना तो धावत गेला.

पुढचे तीन तास मी कसे काढले ते विचारू नका. दुकानातून फोन येत होते, मी कुणाला काय बोलले आठवत नाही. पावणेतीनला जेट्टीवरून वायरलेसवरचा निरोप आला. मिळाली. खडकाच्या तिन्ही जागा सोडून, सत्तावीस नंबरच्या दक्षिणेला चार मैल. इंजिनाचा दांडा मोडला होता, नांगराची दोरी तुटली होती, बॅटरी भिजली होती. बोटीत कमरेएवढं पाणी, तिघं आळीपाळीने उपसत होते. धाकूचा हात मोडला होता. पण तिघं होते.

काकींनी ते ऐकलं आणि जागच्या जागी खाली बसल्या.

संध्याकाळी मिरकरवाड्याला नितेशच्या बोटीने भैरीकृपा ओढून आणली. मीही गेले होते. ऋत्विक आईच्या गळ्यात पडला. बाबल्या उतरले, डोळे मिठाने लाल, ओठ फुटलेले. कुणी काही बोलायच्या आत काकींनीच सांगितलं, सगळ्यांसमोर, "तुमच्या जागा दिल्या मी. कॉम्प्युटर उघडून. सगळ्यांना."

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

बाबल्यांनी नितेशकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काही न बोलता ते चालायला लागले. कसं दिसत होतं सांगू, तर एखादा माणूस स्वतःच्या घरावरून जातो आणि आत वळत नाही, तसं. मला इतका संताप आला की मी दोन पावलं त्यांच्या मागे गेलेही. ऋत्विकने माझा हात धरला म्हणून बरं.

तीन आठवड्यांनी काकी दुकानात आल्या, सुके सोडे घेऊन. मी पैसे घेतले नव्हते, त्याबद्दल. दुरुस्त झालेली बोट दोनदा समुद्रात जाऊन आली होती. पहिल्या खेपेला बाबल्यांच्या सुरमईच्या जागेवर सात बोटी उभ्या होत्या. नितेशची एकही नव्हती, पण शोधताना आकडे वायरलेसवर गेलेले, ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या खेपेला अकरा होत्या. अर्धा बर्फ मासळीवाचून तसाच परत आला.

"आणि तांडेल?" मी विचारलं.

"बोलत नाहीत माझ्याशी. त्या दिवसापासनं एक शब्द नाय. पाणी हवं असलं तरी ऋत्विककडनं मागवतात."

माझं डोकं फिरलं. "आज दुकान बंद करत्ये नि येत्ये मी घरी. त्यांना चांगलं सांगते. तुमच्यामुळे जिवंत आहेत ते, आणि वर हा तोरा? येऊ का बोला."

काकी सोड्यांची पिशवी माझ्या टेबलावर सारखी करत होत्या. त्यांनी मान हलवली.

"नको, बाय. धरू दे अबोला. रोज संध्याकाळी ओटीवर बसतात, माझ्याकडे पाठ करून. मी आतनं बघत्ये." त्या जरा थांबल्या. "अबोला धरायला पण माणूस घरात लागतो ना गो."